पत्र्याच्या गाळ्यातले दोन फ्रीज

फ्रीज म्हणजे काय हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, आणि एका फ्रीजपेक्षा दुसरा कसा वेगळा, हे साठी उलटल्यावर. पण कळलं ते असं कळलं, की आता आमच्या सोनारी गावात कुणाला बारका फ्रीज घ्यायचा असला की तो आधी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. फुशारकी वाटली तर वाटू द्या. या वयात थोडी चालते.

मराठवाडा निजामाच्या हातून सुटला, त्यानंतर दोन-चार वर्षांनी माझा जन्म. माझ्या लहानपणी गावात दिव्याचा खांबसुद्धा नव्हता. माझी आई खवा करायची. चुलीवर लोखंडी कढई, हातात झारा, आणि दूध आटेपर्यंत तिथून हलायचं नाही. झालेला खवा ती पांढऱ्या फडक्यात बांधायची, मडक्यात ठेवायची, मडकं ओल्या वाळूत रोवायची आणि वरून भिजवलेलं पोतं टाकायची. दुसऱ्या दिवशीपर्यंत खवा गोड राहायचा. तिसऱ्या दिवसाची गोष्टच नव्हती, कारण खवा तेवढा उरायचाच नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं: थंड ठेवायचं म्हणजे ओलं पोतं टाकायचं. त्या पोत्यानं पुढं माझी फजिती केली, पण ते नंतर सांगते.

आमचा पाच बायकांचा बचतगट. आम्ही खवा करतो, पेढे करतो. चैत्रात काळभैरवाची यात्रा भरते, तेव्हा देवळाच्या वाटेवर गाळे मांडतात. त्यातला एक पत्र्याचा गाळा आम्हाला मिळतो. वर्षभर आम्ही आसपासच्या लग्नाबारशाचे पेढे करतो, पण आमचं नाव झालं ते या गाळ्यामुळं. इथं पेढा खाल्लेला माणूस आपल्या गावी जाऊन सांगतो आणि मग आठ कोसांवरून निरोप येतात.

ज्या साली फ्रीज घेतला, त्याच्या आधीच्या यात्रेत मात्र आमचं नाक कापलं गेलं होतं. यात्रेच्या दिवसांत एकदम लागेल एवढं दूध मिळत नाही, म्हणून आम्ही चार दिवस आधीपासून खवा साठवतो. त्या साली ऊन असं पडलं, की गाळ्यात ठेवलेला खवा दुसऱ्याच दिवशी आंबला. एका माणसानं भरल्या वाटेवर पुडा परत आणून टेकवला. गाळे वाटून देणारे गावातले एक वडीलधारे होते. पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘अक्का, देवाच्या वाटेवर आंबूस माल विकला असं गावाला ऐकायचं न्हाय. पुढल्या साली एक जरी पुडा परत आला, तर ही जागा तालुक्याच्या मिठाईवाल्याला जाईल. तो दोन वर्षं मागतोय.’’

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खवा माझाच होता.

म्हणून आम्ही ठरवलं, फ्रीज घ्यायचा. मोठा गाळ्यात मावत नव्हता, म्हणून बारका. माझ्या बहिणीच्या मुलाचं परंड्याला पंखे-कूलरचं दुकान आहे. त्याला निरोप धाडला. तो पौषात एक फ्रीज घेऊन आला. काळा, चकचकीत, कडेवर घ्यावा इतका हलका.

‘‘मावशी, हा नवीन पद्धतीचा,’’ तो म्हणाला. ‘‘ह्यात कम्प्रेसरच न्हाय. गॅस न्हाय, आवाज न्हाय, थरथर न्हाय. आत एक चकती असती. करंट गेला की चकतीची एक बाजू गार पडती अन् दुसरी तापती. मागचा पंखा ती गरमी बाहेर फेकतो. बस्स.’’

‘‘आणि लाइट किती खातो?’’ सुनेनं विचारलं. घरचं बिल तीच भरते, म्हणून तिचा पहिला प्रश्न हाच.

त्यानं मागची पट्टी दाखवली. ‘‘वहिनी, वाचा. साठ वॅट. कम्प्रेसरवाला ऐंशीचा असतो. आता तुम्हीच सांगा, कमी कोण खातो?’’

साठ आणि ऐंशी. हे तर चौथी शिकलेल्या मलाही कळत होतं.

‘‘आत्ता पैसे नकोत,’’ तो म्हणाला. ‘‘यात्रेपर्यंत वापरा. पटला तर ठेवा.’’ पोरगा खोटा नव्हता, एवढं मी सांगते. त्याचा त्या वस्तूवर खरंच विश्वास होता.

आम्ही तो फ्रीज आमच्या आतल्या खोलीत ठेवला. घर धाब्याचं. भिंती दोन हात रुंद, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. थंडीचे दिवस होते. सकाळी आत ठेवलेलं पाणी दुपारी दाताला झोंबायचं. गटातल्या बायका येऊन हात घालून बघायच्या अन् ‘‘अगं बाई!’’ करायच्या. खवा सहा दिवस राहिला. सगळ्या खूश.

मला मात्र एक गोष्ट खटकायची. त्या फ्रीजमागचा पंखा कधी थांबायचा नाही. दळण दळायला बसलं तरी सूं, जेवायला बसलं तरी सूं. सुनेच्या माहेरी मोठा फ्रीज आहे, तो घुरघुरतो, मग गप बसतो, पुन्हा घुरघुरतो. हा गप कधीच बसत नव्हता. मी म्हणाले, ‘‘ह्याला विसावा कसा न्हाय?’’

सून हसली. ‘‘आत्याबाई, तुमच्यासारखाच हाय. तुम्ही तरी कुठं गप बसता?’’

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण खटकलं ते खटकलंच.

फाल्गुन संपला. ऊन तापायला लागलं. यात्रेला आठ दिवस राहिले, तेव्हा मी म्हणाले, ‘‘हा फ्रीज गाळ्यात नेऊन बघू.’’

गटातली एक म्हणाली, ‘‘अक्का, तीन महिने बघितला की. आता काय त्याची सोयरीक जमवायचीय?’’

‘‘सोयरीकच म्हण,’’ मी म्हणाले. ‘‘पोरगी माहेरी कशी वागती ते बघून उपयोग न्हाय. जिथं नांदायची तिथं बघावं.’’

नेला. दुपारी दोनला गाळ्यात बसवत नव्हतं. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी पत्रा. फ्रीजमध्ये सकाळी ठेवलेल्या तांब्याला मी हात लावला. पाणी विहिरीच्या पाण्याएवढं. गार म्हणावं तर नाही, गरम म्हणावं तर नाही. डोळ्यांसमोर तो पांढऱ्या मिशीवाला माणूस उभा राहिला.

आणि इथं मी ती चूक केली. आईचं पोतं आठवलं. गोणपाट भिजवला, पिळला अन् फ्रीजवर पांघरला, मागून-पुढून, अगदी लुगडं नेसवल्यासारखा. म्हणलं, बिचारा उन्हानं तापलाय, त्याला जरा ओलावा मिळू दे.

गावात फ्रीज, पंखे, मिक्सर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. पूर्वी त्यांचे वडील कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. पुढं चाचांनी विजेचं काम सोलापुरात राहून शिकून घेतलं. त्यांना मी बोलावणं धाडलं होतं. ते आले, गोणपाट बघितला आणि दारातच थबकले.

‘‘या अल्ला! अक्का, हे काय कफन घातलंय?’’

‘‘मडक्याला घालतो तसं,’’ मी म्हणाले.

‘‘मडकं करंटवर चालतं का?’’ त्यांनी आधी बटण बंद केलं, मग गोणपाट ओढून काढला. ‘‘एक तर ओलं कापड अन् बिजली, म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं, ह्या मशीनचं तोंड पुढं असलं तरी नाक मागं हाय. मागचा पंखा गरम हवा फेकणार कुठं? तुम्ही त्याचं नाक दाबून धरलंत.’’

त्यांनी मागचा भाग कोरडा पुसला, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, पुन्हा चालू केला आणि आत थर्मामीटर ठेवला. तासाभरानं बघितलं. गाळ्यात एकेचाळीस अंश होते. फ्रीजमध्ये पंचवीस.

‘‘गोणपाट काढूनसुद्धा एवढंच?’’ मी विचारलं.

‘‘एवढंच. बहुत झालं तर एखादा अंश अजून उतरेल.’’ चाचा स्टुलावर बसले. ‘‘अक्का, ह्या चकतीचा हिसाब असा हाय. खोलीत जेवढी गरमी असेल, त्यातनं ही सोळा-सतरा अंश काढून टाकते. त्यापुढं तिचा दम संपतो. थंडीत तुमच्या धाब्याच्या खोलीत बावीस असतील, त्यातनं सोळा गेले, राहिले सहा. फर्स्ट क्लास! आता एकेचाळीसातनं सोळा काढा.’’

मी बोटांवर मोजून बघितलं. पंचवीस. थर्मामीटरनं सांगितलं तेच.

एवढ्यात माझा भाचा आला. कुणीतरी त्याला फोन केला होता. तो रागावला नाही, पण चेहरा उतरला. ‘‘चाचा, कम्प्रेसरवाला तरी ह्या भट्टीत काय दिवा लावणारंय? अन् लाइटचं काय? ऐंशी वॅट!’’

‘‘माझ्याकडं एक हाय,’’ चाचा म्हणाले. ‘‘लॉजमधल्या खोलीतला. मीच दुरुस्त केलाय. तुझ्याच मापाचा. आणतो इथं. दोघांना शेजारी बसवू. मीटर पण लावू.’’

‘‘लावा!’’ भाचा म्हणाला.

‘‘लावा!’’ मीही म्हणाले. जागा माझी जाणार होती, त्याची नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांचा फ्रीज जीपमधून आला, पण आडवा टाकून. चाचा ड्रायव्हरवर असे भडकले की मला वाटलं आता मारतात. ‘‘उभा आणायला सांगितला होता ना! कम्प्रेसरच्या पोटात तेल असतं, आडवा केला की ते नळ्यांत जातं. आता लगेच चालू केला तर मशीन मरेल. उद्या सकाळपर्यंत उभा राहू द्या.’’

भाचा टाळ्या पिटायचाच बाकी राहिला. ‘‘बघितलं का मावशी? चकतीला उभं-आडवं काही न्हाय. ह्यांचा पैलवान आखाड्यात यायच्या आधीच झोपला!’’

बायका हसल्या. मला हसू येईना. यात्रेला सात दिवस राहिले होते आणि पहिला खवा आटवायची वेळ तीन दिवसांवर आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दोन्ही फ्रीज शेजारी शेजारी, भिंतीपासून सारखे पुढं ओढलेले. दोन्हींत सारख्या चरव्यांत मोजून सारखं पाणी. दोन्हींत एकाच कढईतला खवा, पाव-पाव किलो, फडक्यात बांधून. दोन्हींत थर्मामीटर. आणि चाचांनी प्लगमध्ये दोन बारकी मीटरं खोचली, कुणी किती वीज घेतली ते सांगणारी. दार किती वेळा उघडायचं तेही ठरवलं: दर तीन तासांनी, दोन्हींचं एकदमच. भाच्यानं स्टूल टाकलं आणि राखणीला बसला. त्याच्या बाजूला मी बसले. दोघंही एकमेकांवर नजर ठेवून.

दुपारी एकला उघडलं. चकतीवाल्यात चोवीस. कम्प्रेसरवाल्यात नऊ.

चारला उघडलं. गाळ्यात बेचाळीस अंश, पत्र्याला हात लावला तर फोड यावा. चकतीवाल्यात सव्वीस. कम्प्रेसरवाल्यात पाच.

भाचा म्हणाला, ‘‘पुन्हा बघा.’’ चाचांनी थर्मामीटरांची अदलाबदल केली. अर्ध्या तासानं पुन्हा बघितलं, आकडे जागच्या जागी. मी कम्प्रेसरवाल्यातल्या चरवीचं पाणी प्यायले आणि माझे उरलेसुरले दात ठणकले. इतका आनंद मला दात दुखल्यावर आधी कधी झाला नव्हता.

‘‘गार करण्यात तुमचा जिंकला,’’ भाचा म्हणाला. ‘‘पण ऐकता का, कसा धडधडतोय? गाळ्यात एवढी गरमी, तो बराच वेळ चालतोय. लाइटचं उद्या कळेल.’’

ते त्याचं खरं होतं. उन्हाच्या वेळी कम्प्रेसर बराच वेळ चालत होता, थोडं थांबून पुन्हा चालू होत होता. पण मी कान देऊन बसले होते. ऊन कलल्यावर तो जास्त जास्त वेळ गप बसायला लागला. चकतीवाला मात्र सूं, सूं, सूं. माझ्या मनात तेव्हाच काहीतरी जुळायला लागलं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. सून म्हणते, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त वेळ गप बसल्याचा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चोवीस तास भरले. गटातल्या चौघी, सून, शेजारच्या नारळवाल्याची बायको, सगळ्या गाळ्यात दाटीवाटीनं उभ्या. चाचांनी चष्मा लावून मीटरं वाचली.

‘‘चकतीवाला: जवळजवळ दीड युनिट.’’

‘‘अन् तो?’’

‘‘पाऊण युनिटच्या थोडं वर.’’

कुणाला कळेना. सुनेनं तर मीटर हातात घेऊन बघितलं. ‘‘उलटं वाचलं का तुम्ही? पट्टीवर तर साठ अन् ऐंशी लिहिलंय!’’

तेव्हा मी बोलले. आदल्या दिवशीपासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. ‘‘अगं, पट्टीवर एका वेळचा घास लिहिलेला असतो. दिवसात घास किती घेतले ते न्हाय लिहीत. हा साठवाला चोवीस तास खात बसलाय, कारण त्याला गारवा पुरा पडतच न्हाय. तो ऐंशीवाला मोठा घास घेतो, काम उरकतो अन् हात धुऊन बसतो!’’

चाचांनी मांडीवर थाप मारली. ‘‘अक्का, माझ्या दुकानात बसा. एवढं सोपं मला सांगता येत न्हाय.’’

मग खव्याची फडकी सोडली. कम्प्रेसरवाल्यातला घट्ट, पांढराशुभ्र, बोटानं तोडला तर रवाळ. चकतीवाल्यातला मऊ पडला होता. मी नाकाशी नेला आणि भाच्यापुढं धरला. त्यानं हुंगला, जिभेच्या टोकावर ठेवला आणि गाळ्याबाहेर जाऊन थुंकला.

परत आला तो हसत आला, हे मला लई आवडलं. ‘‘मावशी, हरलो. दुकानात आता गिऱ्हाईक आलं की आधी विचारीन, खोली धाब्याची का पत्र्याची.’’

‘‘अन् थंडीत घेणार का उन्हाळ्यात, तेही विचार,’’ मी म्हणाले.

त्याच्या फ्रीजला मी वाईट म्हणत नाही. चाचांनीही सांगितलं, की गार खोलीत, आवाज नको असेल तिथं, किंवा गाडीच्या बॅटरीवर पाण्याच्या बाटल्या न्यायच्या असतील तर ती चकती चांगली. पण खवा पाण्याच्या बाटलीसारखा समजूतदार नसतो.

चाचांचा फ्रीज आम्ही ठेवून घेतला. त्याच दिवशी भट्टी पेटवली. चार दिवस पाचही जणींनी खवा आटवला. गार झाला की डब्यांत भरायचा, डब्यांमध्ये वाऱ्याला बोटभर जागा सोडायची आणि दार उघडलं की दहा मोजायच्या आत बंद करायचं, असा नियम मी लावला. सगळ्या मला ‘मास्तरीण’ म्हणायला लागल्या. म्हणू दे.

यात्रा भरली. गुलाल, हलगी, पालख्या आणि माणसं अशी की वाट दिसेना. आम्ही लागेल तसा डबा काढायचो, पेढे वळायचो, द्यायचो. पहिल्या दिवशी गावोगावी पुडे गेले. दुसऱ्या दिवशी त्याच गावांची माणसं सोबत आणखी माणसं घेऊन आली. एकही पुडा परत आला नाही. शेजारचा नारळवाला म्हणाला, ‘‘अक्का, देवाला नारळ कमी अन् तुमचे पेढे जास्त चाललेत.’’

तिसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हाच्या तडाख्यात, ते पांढऱ्या मिशांचे वडीलधारे आले. सोबत दोन-तीन गावकरी. माझ्या हातातला पेढा थांबला.

त्यांनी विचारलं, ‘‘हा कधीचा खवा?’’

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, ‘‘सहा दिवसांचा.’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पेढा उचलला, अर्धा तोडला आणि हळूहळू खाल्ला. मग उरलेला अर्धा. गाळ्याच्या आत आले, वाकून फ्रीजचं दार उघडलं, डब्यांवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन आणि त्यांच्या हाताला काकडी लागल्यासारखा गारवा. दार सताड उघडं.

‘‘सहा दिवस?’’ ते म्हणाले. ‘‘ह्या पत्र्यात?’’

‘‘व्हय.’’

‘‘बरं,’’ ते बरोबरच्या गावकऱ्यांकडं वळले, ‘‘लिहून ठेवा. हा गाळा ह्यांचाच. पुढल्या साली अन् त्याच्या पुढल्या सालीपण. मिठाईवाल्याला सांगा, दुसरी जागा बघ म्हणावं.’’

गटातली एक तर रडायलाच लागली. सून मला मागून बिलगली. हलगी जणू आमच्याच गाळ्यापुढं वाजत होती. खरं तर मला त्यांच्या पाया पडायला हवं होतं. पण माझी नजर होती फ्रीजवर.

‘‘ते सगळं बरोबर हाय,’’ मी म्हणाले, ‘‘तुमचे उपकार झाले. पण आधी ते दार लावा! थंडी चाललीय सगळी बाहेर!’’

गाव ज्यांच्यापुढं आवाज चढवत नाही, त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मग मिशीतल्या मिशीत हसले, दोन्ही हातांनी हळूच दार लावलं, नीट बसलं का ते दाबून बघितलं आणि म्हणाले, ‘‘लावलं बाई, लावलं. आता एक किलो बांधा.’’